‘मूल्य समभाग’ म्हटलं की लोक महाग शेअर समजतात. दुसरा शब्द आहे का?

लेखणी_सातारा: एका गुंतवणूक पुस्तिकेचा अनुवाद करते आहे. आशय असा, की व्याजदर चढतात तेव्हा व्हॅल्यू शेअर, म्हणजे कंपनीच्या कसाच्या मानाने स्वस्त मिळणारे, ग्रोथ शेअरांच्या, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या कंपन्यांच्या महाग शेअरांच्या, पुढे जातात. मी ‘मूल्य समभाग’ आणि ‘वृद्धी समभाग’ लिहिलं. तपासनिसांचा शेरा आला: “मूल्य म्हणजे किंमत, म्हणजे हे महागडे शेअर ना?” अर्थ अगदी उलटा लागला. काय लिहावं?

रत्नागिरीकर: मूल्य शब्द ‘मूळ’ वरून आलाय आणि किंमत अरबीतून. मूल्य म्हणजे आतला कस, किंमत म्हणजे बाजार बोलेल ती. तपासनीस चुकले. ‘वृद्धी’ मात्र नको. आमच्याकडे ‘वृद्धी आली’ म्हणजे भावकीत मूल जन्मलं आणि देवपूजा बंद.

बाजारगप्पा: बाजारात कोणीही ‘मूल्य समभाग’ म्हणत नाही. व्हॅल्यू आणि ग्रोथच लिहा. आणि नियम सोपा आहे: बाजार चढताना ग्रोथ, पडताना व्हॅल्यू.

निवृत्त_बँकवाला: माझ्या फंडाच्या विवरणात योजनेच्या नावापुढे ‘ग्रोथ’ छापलंय. व्याजदर वाढले तर त्यातून बाहेर पडायचं का?

ताळेबंद: काका, तो ग्रोथ वेगळा. तिथे एवढंच म्हटलंय की फंडाची कमाई तुम्हाला वाटली जात नाही, योजनेतच राहते. व्हॅल्यू फंडालाही ग्रोथ पर्याय असतो. त्या शब्दावरून काही विकू नका.

बाजारगप्पा, तुमचा नियम 2022 ला लागू पडतो, 2020 ला नाही. मार्च 2020 मध्ये अमेरिकेत बाजार कोसळला तेव्हा व्हॅल्यूच जास्त पडले, कारण त्या गटात बँका आणि तेल कंपन्या भरलेल्या होत्या. धंदाच ठप्प झाल्यावर स्वस्त शेअर आणखी स्वस्त होतो. उलट त्याच नोव्हेंबरात लशीची बातमी आली आणि हेच शेअर उसळले. याच गटातल्या एखाद्या पोलाद कंपनीचं बघा. 100 रुपयांच्या विक्रीवर खर्च 95, नफा 5. पोलादाचा भाव 10 टक्के चढला आणि खर्च तेवढाच राहिला, तर नफा 15. मंदीतून बाहेर पडताना व्हॅल्यू पुढे जातात ते यामुळे. मंदावलेल्या काळात ज्यांची विक्री तरीही वाढते अशा कंपन्या थोड्या उरतात, मग लोक त्यांनाच जास्त भाव देतात. तेव्हा ग्रोथ पुढे.

लेखणी_सातारा: पण माझं वाक्य व्याजदराबद्दल आहे. व्याज वाढल्याने ग्रोथलाच जास्त फटका का?

ताळेबंद: कारण ग्रोथ कंपनीची बरीचशी कमाई अजून यायची असते. 10 वर्षांनी मिळणाऱ्या 100 रुपयांची आजची किंमत 6 टक्के व्याजदराने सुमारे 56 रुपये होते, 9 टक्क्यांनी 42. म्हणजे चौथा हिस्सा गेला. तेच 100 रुपये 2 वर्षांनी मिळणार असतील, तर 89 चे 84 होतात. 2022 मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने शून्याजवळचा दर वर्षभरात साडेचारपर्यंत नेला. त्या वर्षी तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या रसेल 1000 मधला ग्रोथ निर्देशांक सुमारे 29 टक्के पडला, व्हॅल्यू निर्देशांक साडेसातच्या आसपास.

रत्नागिरीकर: बघा, तुम्हीही ‘आजची किंमत’ म्हणालात. तिथे ‘आजचं मूल्य’ हवं होतं. 56 हा बाजाराचा भाव नाही, हिशेबाने निघालेला कस आहे. हेच शब्द आपण सैल वापरतो म्हणून तपासनीस गोंधळतात.

बाजारगप्पा: मग 2023 चं काय? दर आणखी चढून सव्वापाच ते साडेपाचवर गेले, तरी तिथे ग्रोथच कितीतरी पुढे होते.

ताळेबंद: तो आक्षेप खरा आहे. त्या वर्षी मोजक्या मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी निर्देशांक ओढला. त्यांच्याकडे रोकड भरपूर, कर्जाचा भार कमी, आणि कमाई दूरच्या भविष्यातली नव्हे, आजची. शिवाय भाव हलतो तो दर अपेक्षेपेक्षा वेगळा निघाल्यावर. 2022 मध्ये अपेक्षाच चुकली होती, 2023 मधली वाढ बऱ्याच अंशी आधीच धरलेली होती. म्हणून पुस्तिकेतलं वाक्य ‘दर चढतात तेव्हा’ असं सरसकट नसावं. ‘दर अनपेक्षितपणे चढले तर बहुधा’ असं करा.

बाजारगप्पा: हे ‘अनपेक्षित’ मागाहून ठरवता येतं. आधी कसं ओळखायचं?

ताळेबंद: सरकारी रोख्यांच्या परताव्याकडे बघा. बँकेने दर वाढवूनही 10 वर्षांच्या रोख्याचा परतावा हलला नाही, तर बाजाराने ते आधीच धरलेलं होतं. पण याने कल कळतो, तारीख नाही.

निवृत्त_बँकवाला: माझ्याकडे सरकारी बँकांचे जुने शेअर आहेत, कित्येक वर्षं स्वस्तच आहेत. ते व्हॅल्यू म्हणायचे का?

रत्नागिरीकर: त्यांना ‘स्वस्त’च म्हणा. कस आहे की नाही ते त्या बँकांचा ताळेबंद बघून ठरेल. म्हणूनच मी म्हणतो, ‘कसदार स्वस्त शेअर’ लिहा.

लेखणी_सातारा: पुस्तिकेत हा शब्द चाळीस वेळा येतो हो. तीन शब्द प्रत्येक वेळी?

बाजारगप्पा: व्हॅल्यू. संपलं.

रत्नागिरीकर: संपलं कसं? ‘मूल्य’ वापरा आणि पहिल्या पानावर त्याचा अर्थ सांगा.