उत्तर: सपाट शेतातही पाणी का साचतं?

> लेझर लेव्हलरने काळ्या जमिनीचं एक हेक्टर सपाट केलं, तरी पावसाळ्यात खालच्या बाजूला डबकी कशी?

सपाट केलंत, इथेच गोम आहे. काळी जमीन भिजून फुगली की भेगा मिटतात आणि पाणी तासाला जेमतेम मिलिमीटरभर मुरतं. उरलेलं पृष्ठभागावरूनच जायला हवं, म्हणजे उतार हवा. भातखाचर शून्य उताराचं चालतं, सोयाबीन-तुरीचं शेत नाही.

समजा शेत १०० बाय १०० मीटर आहे, सरासरी पातळी ९.५० मीटर आणि एका दिशेने ०.३ टक्के उतार ठेवायचा आहे. मध्यबिंदू ९.५० वर धरला की वरची कड ९.६५ आणि खालची ९.३५ होते. वरच्या कडेपासून १० मीटरवर आराखड्याची पातळी ९.६२ येते, तिथे जमीन ९.७४ असेल तर खोदाई १२ सेंटिमीटर.

पण खोदाई आणि भराव कागदावर सारखे धरू नका. भरावाची माती पहिल्या पावसात दबते. तुमची डबकी नेमकी भरावावर आहेत का, ते सपाटीकरणावेळी खुंट्या मारून घेतलेल्या पातळीच्या नोंदींशी ताडून पाहा. भराव असा दबतो म्हणून खोदाई भरावाच्या साधारण १.२ ते १.५ पट निघेपर्यंत सगळा आराखडा थोडा खाली उतरवतात. फार खोल खोदलंत तर मुरूम वर येईल, तेव्हा आधी मातीची खोली तपासा.

शिवाय खालचा बांध बघा. गाळ साचून तो उंचावला असेल, तर कितीही उतार दिलात तरी पाणी अडणारच. चराचा तळ सरीच्या तोंडापेक्षा खाली हवा.