'मॅचिंग प्रिन्सिपल'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

शहापूरची सून
आमचं बेळगावच्या शहापुरात मिठाईचं दुकान आहे, कुंदा मेन, थोडं करदंट पण असतं. हिशेब आता मी बघते. २०२४ च्या दिवाळीचा ऑक्टोबर-नोव्हेंबर वेगळा काढून मामंजींना दाखवला तर ते भडकलेच, म्हणाले ऐन दिवाळीत तीन लाख तोटा कसा होईल ग, गल्ला तर भरलेला होता. मी म्हटलं मॅचिंग प्रिन्सिपल लावलं नाही म्हणून तसं दिसालंय, तर ते म्हणतात मराठीत सांग. आणि मला शब्दच सुचेना. जुळणी? मेळ?

निपाणीवाला
मॅचिंगचं नाव काढू नका ओ ताई. आमचा खवावाला बिल वेळेवर चढवत नाही, मग जीएसटीच्या 2बी यादीत ते दिसत नाही, दर महिन्याला तीच रड. त्याला फोन करून करून दमलोय.

शहापूरची सून
ते जीएसटीचं झालं दादा, मी वेगळं विचारालेय.

तिलकवाडी_बीकॉम
मला तर मॅचिंग म्हटलं की आधी मॅचिंग सेंटरच आठवतं, आई साडी घेऊन तासभर ब्लाउजपीस बघत बसायची. तसंच आहे की हे, साडीला ब्लाउज तसा विक्रीला खर्च. जुळणी म्हणा सरळ. ज्या महिन्यात माल बनवला त्या महिन्यात खर्च टाकायचा, पैसे कधी दिले ते बघायचं नाही, एवढंच तत्त्व आहे.

जुनी_वही
अर्धं बरोबर. पैसे कधी दिले ते बघायचं नाही हे खरं, पण माल कधी बनवला तेही बघायचं नाही. माल *विकला* कधी ते बघायचं. ताई, आकडे टाका बघू, म्हणजे शब्द पण सापडेल.

शहापूरची सून
गोल आकडे देते. २,००० किलो माल बनवला, सगळा ऑक्टोबरातच. खवा, साखर, तूप, काजू, आचाऱ्यांची मजुरी, गॅस सगळं धरून ६,००,००० गेले. एक किलोचे ३,००० डबे घेतले, २० रुपयाला एक, म्हणजे ६०,०००. भाव ४५० किलो. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं ना, त्यामुळे ३१ ऑक्टोबरपर्यंत ८०० डबेच गेले, बाकी ११०० पाडवा भाऊबीज करत नोव्हेंबरात. शेवटी १०० किलो कुंदा ट्रेमध्येच खराब झाला, टाकून द्यावा लागला.

जुनी_वही
आता बघा. तुम्ही ऑक्टोबरात विक्री धरली ३,६०,००० आणि खर्च धरला सगळाच्या सगळा ६,६०,०००. तीन लाख तोटा आला तो इथून. आणि नोव्हेंबरात खर्च शून्य, ४,९५,००० सगळा नफा. दोन्ही खोटं. ३१ तारखेला रात्री दुकानात १,२०० किलो माल उभा होता, तो खर्च नव्हे, तो माल आहे, ३,६०,००० चा. एका डब्यामागे माल ३०० आणि डबा २०, म्हणजे ३२०. ऑक्टोबरात ८०० गेले तर खर्च २,५६,०००, नफा १,०४,०००. नोव्हेंबरात ११०० गेले, खर्च ३,५२,०००, नफा १,४३,०००, त्यातून टाकून दिलेल्या कुंद्याचे ३०,००० वजा, राहिले १,१३,०००. दोन्ही मिळून २,१७,०००.
मामंजींना सांगा दिवाळी तेवढीच झाली, फक्त कुठल्या महिन्यात किती ते आता खरं दिसालंय. एक मात्र आहे, हे सगळं ३१ च्या रात्री माल मोजलात तरच. ट्रे मोजले नसतील तर ८०० हा आकडाच अंदाज, आणि मग नफा पण अंदाज.

खानापूरकर
शब्दाकडे या. 'मेळ' नको, मेळ म्हटलं की आमच्याकडे रोजमेळ, संध्याकाळी गल्ल्यातली रोकड वहीशी लागते का ते. मामंजींना तेच वाटणार आणि ते म्हणणार रोकड तर लागली होती. जुळणी पण बँकेच्या पासबुकाशी वही जुळवतात त्याला वापरून बसलेत. या दोन्हीत आकडा आकड्याशी *सारखा* आहे का ते बघतात. इथं सारखं काहीच नाही, ३२० चा खर्च ४५० च्या विक्रीला बांधायचाय. म्हणून माझं मत 'सांगड'. सांगड म्हणजे मूळ नदी पार करायला दोन होड्या नाहीतर दोन भोपळे एकत्र बांधतात ती. एक सुटला की दुसरा पण डुगडुगतो. खर्चाची विक्रीशी सांगड.

तिलकवाडी_बीकॉम
भारी आहे पण पुस्तकी वाटतं. कन्नडात होंदाणिके म्हणतात की, सगळ्यांना कळतं.

खानापूरकर
होंदाणिके म्हणजे जुळवून घेणं, अॅडजस्टमेंट. सासू-सुनेत असते ती. हिशेबात जुळवून घेणं म्हटलं तर इन्कमटॅक्सवाले उठून बसतील.

शहापूरची सून
😂 ते राहू दे. सांगड सांगून बघितली मामंजींना. ते म्हणाले, "म्हणजे तराजूतून जेवढं गेलं तेवढ्याचाच खर्च धर." आणि वर म्हणाले पूर्वी वही पाडव्याला नवीन निघायची, दिवाळीचा बहुतेक माल जुन्या वहीतच घेतला आणि विकला जायचा, भाऊबीजेचा तेवढा नवीन वहीत यायचा, म्हणून असलं काही लागायचं नाही.

जुनी_वही
मामंजी आमच्या सगळ्यांच्या पुढं आहेत. पण तराजू सगळीकडे चालत नाही ताई. दुकानावरची लायटिंग, केबलवरची जाहिरात, काउंटरवर दहा दिवस ठेवलेली पोरं. ह्यातलं किती ८०० डब्यांनी आणलं आणि किती ११०० नी, कोण सांगणार? असला विक्रीचा खर्च मालाच्या किमतीत घालत नाहीत, ज्या महिन्याचा त्या महिन्यात टाकून मोकळं व्हायचं. मी वर तो धरलेलाच नाही, तेव्हा २,१७,००० मधून अजून तो जायचाय.

निपाणीवाला
आणि उरलेले ११०० डबे कुठं गेले? आमच्याकडे दरवर्षी असे उरतात, पोटमाळा भरलाय नुसता.

जुनी_वही
बरोबर पकडलंत. २२,००० चे डबे मी शिल्लक माल धरलेत, पुढच्या विक्रीला बांधू म्हणून. आणि इथंच लोक फसतात, सांगडीच्या नावाखाली काहीही पुढं ढकलत राहतात. पुढं ढकलायचं तर ती वस्तू पुढं खरंच विक्री आणणारी पाहिजे. ताई, डब्यावर साल छापलंय का?

शहापूरची सून
'शुभ दीपावली २०२४' 🙈

जुनी_वही
मग गेले. २२,००० आत्ताच खर्चात, नफा १,९५,०००.

तिलकवाडी_बीकॉम
का पण? स्टिकर लावला की झालं, गणपतीत वापरा.

जुनी_वही
स्टिकरचा खर्च आणि चिकटवायची मजुरी काढून जे उरेल तेवढं धरा हवं तर. २० मात्र धरू नका.

खानापूरकर
आणि तो १०० किलो कुंदा? दोन हजारात शंभर खराब होणं दरवर्षीचंच असेल तर मी तो नुकसान म्हणून वेगळा टाकणार नाही, उरलेल्या १,९०० किलोवर वाटून टाकीन. मग किलोला ३०० नाही, साधारण ३१६ पडतात आणि ऑक्टोबरचा नफा पण थोडा खाली येतो.

जुनी_वही
दरवर्षीचंच असेल तर बरोबर. पण मला वाटतं यंदा जास्त बनवला गेला. ताई, आधीच्या वर्षी किती टाकलावता?

शहापूरची सून
लिहूनच ठेवलं नाही कुणी. मामंजी म्हणतात दहा-पंधरा किलो, जाऊबाई म्हणतात चाळीस तरी होता.