गुणा, सरासरी घ्या, वारंवारता सापडते

> "सिग्नलला साइनने गुणून इंटिग्रेट केलं की नेमकी तीच वारंवारता कशी काय बाहेर पडते?"

एक सेकंदाचा सिग्नल घ्या: 3sin(2π·5t) + sin(2π·8t). त्याला sin(2π·5t) ने गुणा. पहिल्या पदाचं 3sin² होतं. वर्ग कधीच ऋण जात नाही, त्यामुळे त्याची सरासरी 1.5 उरते. दुसऱ्या पदातून 3 आणि 13 हर्ट्झच्या कोसाइन लाटा तयार होतात. सेकंदात त्यांची पूर्ण आवर्तनं बसतात, म्हणून सरासरी शून्य. 1.5 ची दुप्पट केली की मूळचा 3 हाती येतो. हेच 6 हर्ट्झने करून बघा, काहीच उरणार नाही.

पण मूळ लाट कोसाइन असती तर साइनच्या चाचणीने शून्यच दिलं असतं. म्हणून दोन्हींनी गुणावं लागतं, आणि दोन उत्तरांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढायचं. फूरिये रूपांतरातल्या e^(-j2πft) मध्ये ही साइन-कोसाइनची जोडी एकत्र बांधलेली असते, एवढंच; f म्हणजे आपण तपासतोय ती वारंवारता आणि j म्हणजे √-1. (त्या j ला विनाकारण घाबरतात लोक.)

खरी गोम पूर्ण आवर्तनांत आहे. आता नुसता sin(2π·5.5t) द्या. 5 च्या कोसाइनने गुणल्यावर अर्ध्या हर्ट्झची लाट बनते. सेकंदात तिचं अर्धंच आवर्तन होतं, ते कशाने खोडलं जाणार? 5 वर सुमारे 0.67 आणि 6 वर 0.61 दिसतं, शिवाय आजूबाजूलाही थोडं थोडं सांडतं. यालाच लीकेज म्हणतात. दोन सेकंदांचं रेकॉर्डिंग घेतलंत तर 11 आवर्तनं पूर्ण बसतात आणि 5.5 वर एकच स्वच्छ रेघ उभी राहते.