मदत हवी आहे: असायटिसची लाँग केस मांडताना निगेटिव्ह हिस्टरी कुठे आणि किती सांगावी?

प्रश्नकर्ता: नमस्कार. मी नाशिकमध्ये एम.डी. मेडिसिनच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या वॉर्डात निफाडकडचे ४८ वर्षांचे एक द्राक्षबागायतदार दाखल आहेत. दोन महिन्यांपूर्वी पोट फुगू लागले, तीन आठवड्यांनी पायांवर सूज आली, मध्यंतरी एकदा डांबरासारखी काळी शौच झाली आणि वीस वर्षे रोज दारू आहे. स्प्लीन हाताला लागते. सिऱ्होसिस वाटतो, परंतु मी निगेटिव्ह हिस्टरी एकेका सिस्टिमची क्रमाने सांगू लागलो की सर मध्येच थांबवतात. यातले काय ठेवावे?

निवासी डॉक्टर, दुसरे वर्ष: सगळे निगेटिव्ह सांगावेत, अन्यथा गुण जातात. मात्र पहिल्याच वाक्यात 'सिऱ्होसिसचा रुग्ण' म्हणावे, म्हणजे ऐकणाऱ्याला दिशा कळते.

निवृत्त प्राध्यापक: दिशा कळली पाहिजे हे खरे, पण ती निदानाच्या नावाने नव्हे, सुजेच्या क्रमाने कळावी. 'आधी पोट, मग पाय. चेहऱ्यावर सूज कधीच नाही' एवढे स्पष्ट सांगितले की ऐकणारा यकृताकडे वळतो आणि मनात प्रतिस्पर्धी निदाने उभी करतो. निगेटिव्ह हिस्टरी त्यांच्यापुरतीच ठेवा. पोट वाढण्याआधी चालताना धाप लागत नव्हती, हे हृदयासाठी. सकाळी पापण्या सुजत नव्हत्या व लघवीला फेस नव्हता, हे मूत्रपिंडासाठी. संध्याकाळचा ताप नव्हता, हे पोटाच्या क्षयासाठी.

तपासणीत जेव्हीपी न चुकता सांगा. आधी पोट आणि मग पाय हा क्रम कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिसमध्येही दिसतो, आणि तो हाताशी आलेला असताना सिऱ्होसिस म्हणून सुटून जातो. ४५ अंशांत मानेची शीर वरपर्यंत भरलेली असेल, तर रुग्णाला ताठ बसवून पुन्हा पाहा. मात्र पोट तट्ट फुगले असेल तर जेव्हीपी त्यानेही थोडी वाढते, म्हणून पाणी काढल्यावर परत पाहणे उत्तम.

निदान 'सिऱ्होसिस' एवढ्यावर थांबवू नका. 'डिकम्पेन्सेटेड क्रॉनिक लिव्हर डिसीज, पोर्टल हायपरटेन्शन, बहुधा दारूमुळे. असायटिस आहे, पूर्वी रक्तस्राव झालेला असावा, सध्या एन्सेफॅलोपॅथी नाही' असे म्हणा. यातले शेवटचे वाक्य फ्लॅपिंग ट्रेमर पाहिला असेल तरच म्हणता येते.

एक वाचक: माझ्या वाट्याला सरावात हेमिप्लेजियाच येते. तिथेही सुजेचा क्रम सांगायचा का?

निवृत्त प्राध्यापक: तिथे सुजेचा प्रश्न नाही. ते काम कमजोरी किती वेळात पूर्ण झाली आणि पुढे वाढली की ओसरली, ही माहिती करते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. दारूचा तपशील प्रेझेंट हिस्टरीत घ्यावा की पर्सनल हिस्टरीत?

निवृत्त प्राध्यापक: यावर परीक्षकांचेही एकमत नाही. ती आजाराचे संभाव्य कारण असल्याने मी प्रेझेंट हिस्टरीतच घेतो. कुठेही घ्या, पण 'रोज एक क्वार्टर' म्हणून सोडू नका, ४२.८ टक्क्यांच्या १८० मिलीत सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असते, तो आकडा द्या.

निवासी डॉक्टर, दुसरे वर्ष: आमच्याकडे मात्र तो तपशील पर्सनल हिस्टरीतच मागतात.