मदत हवी आहे: सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलं नाही, सीटी करावा का?

बहीण, वय २३, सध्या ॲडमिट आहे. काल संध्याकाळी बेंबीभोवती मोघम दुखायला लागलं, जेवण नको झालं, मग एक उलटी. आम्हाला पित्त वाटलं. पहाटे दुखणं उजवीकडे खाली सरकलं आणि आता ती नेमकी जागा एका बोटाने दाखवते. ताप १००.४.

सर्जन म्हणाले, अपेंडिक्सच्या नसा बेंबीच्या पातळीवर जातात, म्हणून आधी तिथे दुखतं. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की खरी जागा कळते. मुतखड्याचा माणूस तळमळतो, कळ कमरेतून जांघेत उतरते. ही मात्र पाय दुमडून गप्प पडून आहे, खोकलं तरी कळवळते. लघवीची तपासणीही स्वच्छ आहे.

अडलंय ते बीजकोशापाशी. पाळी येऊन दोन आठवडे झालेत, म्हणजे बीज सुटण्याचे दिवस. पण ते दुखणं सहसा एकदम आणि थेट खालीच सुरू होतं, असं सरकत नाही, म्हणे. प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह. सोनोग्राफीत दोन्ही बीजकोश नीट, रक्तपुरवठा ठीक, थोडं पाणी. अपेंडिक्स दिसलंच नाही. पांढऱ्या पेशी १४,२००.

दिसलं नाही म्हणजे सूज नाही असं नव्हे, एवढं कळलं. सर्जन म्हणतात, सीटी करू, किंवा सहा तासांनी पुन्हा पोट तपासून ठरवू. वय लहान, म्हणून आई रेडिएशनला घाबरतेय (तिला ऑपरेशनचीही भीती आहेच). इथे कुणी सर्जन किंवा रेडिऑलॉजिस्ट आहेत का? अशा वेळी थांबणं कितपत सुरक्षित, आणि थांबलो तर कोणती लक्षणं दिसताच घाई करायची?