मदत हवी आहे : आकारमान निम्मं केल्यावरचा आलेख

दारव्हा तालुक्यातल्या अकरावीच्या पोरांसाठी N₂O₄ ⇌ 2NO₂ चा संहती-काळ आलेख फळ्यावर काढायचा आहे. तापमान कायम, K = 0.4. समतोलात NO₂ 0.2, N₂O₄ 0.1 मोल प्रति लिटर. आकारमान निम्मं केलं की त्याच क्षणी दोन्ही रेषा सरळ उभ्या चढून 0.4 आणि 0.2 वर जातात. आता भागाकार 0.8, म्हणजे K पेक्षा जास्त. म्हणून NO₂ वळत 0.31 पर्यंत उतरते, N₂O₄ 0.24 पर्यंत चढते. उतार चढाच्या दुप्पट हवा.

पोरं NO₂ परत 0.2 वरच आणून ठेवतात. समतोल सरकला म्हणजे बदल पुरता पुसला गेला, असं त्यांना वाटतं. हे मोडायला वर्गसमीकरण न लागता तोंडी सुटेल असे आकडे कोणी सुचवाल का?