मदत हवी आहे: गीझर लावला की फ्रिजला शॉक बसतो, गीझरला मात्र नाही

तुषार_बार्शी
नमस्कार मंडळी. प्रश्न लांबट आहे, पण घाईचा आहे.

बार्शीला आमचं जुनं घर आहे, आई-बाबा तिथेच राहतात. दिवाळीच्या आधी मागच्या अर्ध्या घराचं वायरिंग नवं करून घेतलं: स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पडवी. पुढच्या दोन खोल्यांत जुनीच केसिंग पट्टी आहे. थंडीत कसलीच तक्रार नव्हती. एप्रिलपासून मात्र आईला सकाळी फ्रिजच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात. वॉशिंग मशीनलाही तसंच. रविवारी मी गेलो तेव्हा लक्षात आलं, की गीझर चालू असतो तेव्हाच हे होतं. फ्रिजच्या बॉडीला टेस्टर लावला तर मंद पेटतो, गीझर बंद केला की विझतो. आणि खुद्द गीझरच्या बॉडीवर टेस्टर पेटतच नाही!

बाबांची तक्रार वेगळीच आहे. 15 लिटरचा, 2000 वॅटचा गीझर. पूर्वी पंधरा मिनिटांच्या आत पाणी कढत व्हायचं, आता चाळीस मिनिटं लागतात. ते म्हणतात कॉइल गेली.

मेन बंद करून गीझरचा बोर्ड उघडला. भिंतीतून एक लाल आणि दोन काळ्या वायरी येतात. गीझरच्या कॉर्डमध्ये मात्र तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. वायरमनना फोन केला तर म्हणाले, "हिरवीचं बंडल संपलं होतं, म्हणून अर्थिंगलाही काळीच ओढली, काम तेच करते. तुमचा अर्थिंगचा खड्डा वाळलाय, पाणी घाला." बाबांनी दोन बादल्या ओतल्या. खरंच दोन दिवस झिणझिण्या कमी झाल्या, मग पुन्हा सुरू.

घरात एमसीबी आहेत, पण करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा आरसीसीबी नाही. नक्की काय बघू?

प्रकाश_डी
वायरमन बरोबर सांगतोय. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीतच गाडलेला असतो, त्यामुळे न्यूट्रल आणि अर्थिंग मुळात एकच. दोन्ही काळ्या असल्या तरी बिघडत नाही, लाल तेवढी वेगळी पाहिजे. खड्ड्यात मीठ, कोळसा घालून आठवड्याला पाणी सोडा. आमच्या मळ्यातल्या घरी असंच होतं, पाणी घातलं की थांबायचं.

मेधा_न्यूजर्सी
थांबा, काळी म्हणजे फेज ना? इथे अमेरिकेत काळी वायर जिवंत असते, पांढरी न्यूट्रल, आणि अर्थिंग हिरवी किंवा उघडी तांब्याची. तुमच्याकडे दोन काळ्या म्हणजे दोन्ही जिवंत असतील! मागच्या वर्षी पुण्याच्या फ्लॅटमध्ये माझे यजमान पंखा बदलत होते. इथल्या सवयीने काळी जपून धरली आणि लाल बिनधास्त. बटण बंद होतं म्हणून वाचले.

इंदू_आयटीआय
तुषार, पुढचं वाचण्याआधी घरी फोन करा. गीझर बंद, आणि बंदच ठेवायचा. नुसतं बटण नको, एमसीबी खाली पाडायला सांगा. अंघोळीचं पाणी काही दिवस गॅसवर तापवू देत.

मेधाताई, तुमच्या यजमानांची चूक समजू शकते, पण इथला घोटाळा वेगळा आहे. आपल्याकडे घराच्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. उपकरणाच्या कॉर्डमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. एकाच बोर्डात दोन पद्धती भेटतात, पण जोड्या जुळतात: लालला तपकिरी, काळीला निळी, हिरवीला हिरवी-पिवळी. तुषारच्या भिंतीत तिसऱ्या जोडीचा रंगच नाही. दोन काळ्यांपैकी कोणती कुठे लावायची हे वायरमनने अंदाजाने ठरवलं असणार, आणि माझ्या मते अंदाज उलटा पडला. सॉकेटच्या न्यूट्रलला अर्थिंगची वायर आहे आणि वरच्या जाड पिनेला न्यूट्रल.

असं असलं तरी गीझर चालतो. फेजमधून आलेला करंट कॉइलमधून जातो, पण परत जाताना न्यूट्रलऐवजी अर्थिंगच्या वायरने तुमच्या खड्ड्यात उतरतो आणि मातीतून ट्रान्सफॉर्मरकडे जातो. प्रकाशजी म्हणतात ते ट्रान्सफॉर्मरपाशी खरं आहे, तिथे न्यूट्रल जमिनीला जोडलेलाच असतो. पण मधे बार्शीची काळी माती आहे. पावसाळ्यानंतर ती ओली असते, एप्रिलमध्ये भेगा पडतात आणि रोध कितीतरी वाढतो.

बाबांच्या घड्याळावरूनच हिशोब होतो. 15 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला 2000 वॅटला साधारण 13 मिनिटं लागतात. आता चाळीस लागतात, म्हणजे कॉइलला तिसरा हिस्साच वीज मिळते, 650 वॅटच्या आसपास. 2000 वॅटच्या कॉइलचा रोध साधारण 26 ओहम. तेवढी वीज मिळण्यासाठी तिच्यातून 5 अँपिअर जायला हवेत, आणि तिच्यावर 130 व्होल्ट पडतात. सप्लाय 230. उरलेले जवळजवळ 100 व्होल्ट कुठे गेले? खड्ड्याच्या मातीवर. म्हणजे अर्थिंगची तार जमिनीपेक्षा 100 व्होल्टने वर उचलली गेली, आणि घरातलं जे जे त्या तारेला जोडलंय, फ्रिज, मशीन, मिक्सरचा बोर्ड, सगळं तिच्याबरोबर वर गेलं. कॉइल गेलेली नाही. आईंच्या पायात चप्पल आणि फरशी कोरडी, म्हणून झिणझिण्यांवर भागलं. ओल्या पायांनी शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. मग 100 व्होल्टला 100 मिलिअँपिअर जातात. माणसाचं हृदय बंद पडायला तेवढे पुरतात.

तुषार_बार्शी
ताई, आईला फोन केला, एमसीबी पाडलाय. वाचून हात थरथरले. पण मग गीझरच्या बॉडीवर टेस्टर का पेटत नाही?

इंदू_आयटीआय
कारण त्याची बॉडी चुकून न्यूट्रलला जोडली गेलीय, आणि न्यूट्रल जमिनीच्या जवळपासच असतो. म्हणून ज्याच्यात चूक आहे तो निर्दोष दिसतो आणि फ्रिजवर आळ येतो. मेकॅनिक फ्रिज तपासत बसतो.

पण ती बॉडीही सुरक्षित नाही. वाऱ्यावादळात खांबावरचा न्यूट्रल तुटला तर घरातल्या चालू दिव्या-पंख्यांतून फेज न्यूट्रलच्या वायरीवर उलटा येतो. तुमच्या गीझरचा पत्रा त्याच वायरीवर आहे. तेव्हा गीझरचं बटण बंद असलं तरी पत्रा जिवंत, कारण अर्थिंगच्या पिनेला बटण नसतं. शिवाय आजही कुणी एक हात मशीनवर आणि दुसरा गीझरच्या लोखंडी नळावर ठेवला, तर करंट छातीतून आरपार जाईल.

सदाशिव_वर्कशॉप
निळी म्हणजे न्यूट्रल असं सरसकट सांगू नका. माझ्या शेडला थ्री फेज आहे. तिथे लाल, पिवळी, निळी या तिन्ही फेज आणि काळी न्यूट्रल. नव्या पोराने पॅनलमधल्या निळीला कॉर्डची निळी समजून ग्राइंडर जोडला, दुसरी वायर लाल. 230 च्या जागी 400 व्होल्ट गेले, ग्राइंडर जळाला. पोरगं वाचलं.

इंदू_आयटीआय
सदाशिवराव, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि मी ते आधीच लिहायला हवं होतं. निळी कॉर्डमध्ये असेल तर न्यूट्रल, भिंतीत किंवा पॅनलमध्ये असेल तर तिसरी फेज असू शकते. तुषार, तुमच्याकडे थ्री फेज मीटर असेल तर हे लक्षात ठेवा. नाहीतरी रंग बघून नव्हे, मोजूनच ठरवायचं.

मोजण्यासाठी परवानाधारक वायरमन बोलवा, क्लॅम्प मीटर असलेला. खड्ड्याकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या तारेभोवती चिमटा लावायचा, मग दोनच मिनिटं गीझर सुरू करायचा. त्या वेळी घरात कुणी पत्र्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. अर्थिंगच्या तारेत एरवी जवळजवळ शून्य दिसायला हवं. पाचेक अँपिअर दिसले तर माझं निदान खरं. नंतर मेन पाडून, डीबीतल्या, म्हणजे एमसीबींच्या पेटीतल्या, न्यूट्रलच्या पट्टीवरून वायर सोडवून, दोन्ही काळ्यांची कंटिन्युइटी बघायची, म्हणजे कोणती कोण ते कळेल. टेप गुंडाळून भागवू नका. पाइपमधून वायर गेलीय ना? अर्थिंगची म्हणून ओढलेल्या काळीच्या टोकाला हिरवी बांधून ओढून घ्या.

प्रकाश_डी
इंदूताई, मळ्यावर जाऊन बघतो. आमच्याकडेही मोटरच्या बाजूला दोन वायरी एकाच रंगाच्या आहेत.

शलाका_के
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्या हॉलमधला एलईडी बल्ब बटण बंद केलं तरी रात्री मिणमिणतो. हाही रंगांचाच घोटाळा का?

इंदू_आयटीआय
असू शकतो. बटण फेजवर न बसता न्यूट्रलवर बसलं की बल्ब विझतो, पण होल्डर जिवंतच राहतो आणि एलईडीला थोडा करंट मिळत राहतो. पण बटणात इंडिकेटर असेल किंवा वायर फार लांब असेल तरी असं होतं. बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. तोवर बल्ब बदलताना बटणावर विसंबू नका, एमसीबी पाडा.

तुषार_बार्शी
काल दुसरे वायरमन येऊन गेले. गीझर सुरू केल्यावर अर्थिंगच्या तारेत 4.8 अँपिअर! बोर्डात खरंच उलटं जोडलं होतं. हिरवी ओढून दिली. आता पाणी चौदा मिनिटांत तापतं, फ्रिजवर टेस्टर पेटत नाही. आईने आज फ्रिज उघडताना माझं नाव घेतलं म्हणे.

त्यांनी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवला. म्हणाले, खड्ड्याचा रोध 20 ओहमच्या आसपास आहे. उद्या खरोखर फेज एखाद्या पत्र्याला लागली तरी 11-12 अँपिअरच जातील आणि 16 चा एमसीबी पडणारच नाही.

पण नवीनच अडचण आलीय. पडवीचा 9 वॅटचा दिवा लावला की आरसीसीबी पडतो. बाकी सगळं चालतं. एवढ्याशा दिव्याने?

इंदू_आयटीआय
9 वॅटलाही 40 मिलिअँपिअर लागतात, आरसीसीबीला तेवढे पुरेसे आहेत. त्या दिव्याचा न्यूट्रलही अर्थिंगवर गेला असेल, किंवा तो पुढच्या जुन्या वायरिंगमधून घेतला असेल, जे आरसीसीबीमधून जातच नाही. पुढचा भाग आरसीसीबीवर घेतलाय का?

तुषार_बार्शी
ते विचारायचं राहिलं. शनिवारी जातोय. पडवीतल्या दिव्याच्या पेटीतही दोन काळ्याच आहेत, बाबांनी फोटो पाठवलाय.

सदाशिव_वर्कशॉप
मग त्या वायरमनने जिथे जिथे हात लावला ते सगळे बोर्ड उघडून घ्या. एका घरात हिरवीचं बंडल एकाच जागी संपत नाही.